आधी लक्षणं, मग कलमं

तक्रारीचं पत्र कसं असावं याबद्दल माझं एक पक्कं मत होतं. ग्राहक मार्गदर्शनाच्या कामात मी नाशिकला आठवड्यातून एकदा बसतो, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगत असे : पत्राची सुरुवात कायद्याने करा. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 चा उल्लेख पहिल्याच ओळीत आला पाहिजे, मग वस्तूतला ‘दोष’ म्हणजे काय ते सांगणारं कलम 2(10), मग सेवेतली त्रुटी, मग पैसे परत करण्याची मागणी, नुकसानभरपाई आणि शेवटी आयोगात जाण्याचा इशारा. वस्तूचं नेमकं काय बिघडलं यासाठी दोन वाक्यं पुरेत, असं मला वाटे. हे मत आता माझं राहिलेलं नाही. कायदा पत्रात हवाच, पण तो शेवटच्या परिच्छेदात. पत्राचा बहुतेक भाग बिघाडाच्या वर्णनाला दिला पाहिजे, असं मी आज म्हणतो. हे मत बदलायला वायरलेस इयरफोनची एक साधी तक्रार कारणीभूत ठरली.

जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि त्या चळवळीच्या वातावरणात आम्ही घडलो. तेव्हा ग्राहकाला कुणी विचारत नसे. 1986 चा कायदा आल्यावर पहिल्यांदा हातात काहीतरी आलं. पोचपावतीसह रजिस्टर पत्र गेलं आणि त्यात कलम असलं, की दुकानदार बोलावून घेई. पत्र त्याच्याच हातात पडे, तोच ते वाचे आणि वस्तू त्याच्याच दुकानातली असे. बिघाड काय आहे ते तो समोरच बघू शकत असल्यामुळे पत्रात लिहायची गरज पडत नसे. कायद्याचा उल्लेख तेवढा लागे, कारण त्याशिवाय तो बघायलाच तयार नसे.

ऑनलाइन खरेदीत हे सगळं उलटं झालं आहे. पत्र वाचणाऱ्याने वस्तू पाहिलेली नसते आणि तो ती पाहणारही नसतो. त्याच्यापुढे तुमचे शब्द असतात आणि उत्तरांचे ठरलेले साचे असतात. तुमच्या शब्दांत नेमकं काही नसेल, तर तो साच्यातलं उत्तर पाठवतो आणि तक्रार बंद करतो.

सिन्नरहून येणाऱ्या एका शिकवणी घेणाऱ्या ताईंच्या बाबतीत नेमकं हेच झालं. मुलांना त्या संध्याकाळी ऑनलाइन शिकवतात. त्यांनी 1,899 रुपयांचे वायरलेस इयरफोन एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून घेतले होते. वॉरंटी एक वर्षाची होती, आणि आठव्या महिन्यात ते फोनशी जोडले जाईनासे झाले. आमच्या छापील नमुन्यावरून त्यांनी पत्र पाठवलं. दीड पानाच्या त्या पत्रात कायदा होता, पैसे परत देण्याची मागणी होती, दहा हजारांची भरपाई होती. बिघाडाबद्दल एकच वाक्य होतं : इयरफोन पेअर होत नाहीत.

दोन दिवसांत उत्तर आलं. झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी, इयरफोन फोनच्या यादीतून काढून पुन्हा जोडा, रीसेट करा, तरी न झाल्यास ब्रँडच्या सेवाकेंद्राशी संपर्क साधा. खाली लिहिलं होतं की तक्रारीचं निराकरण झालं आहे. ताई म्हणाल्या, “काका, मी एवढं लिहिलं, त्यातलं त्यांनी काहीच वाचलं नाही.” मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा वाचले. त्यांनी वाचलं होतं. ‘पेअर होत नाहीत’ या एका वाक्याला जे उत्तर देता येतं, ते त्यांनी दिलं होतं. बाकीच्या दीड पानात इयरफोनबद्दल काही नव्हतंच.

मग मला या वस्तूची माहिती करून घ्यावी लागली. फोन आणि इयरफोन पहिल्यांदा एकमेकांना भेटतात तेव्हा दोघं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. याला पेअर होणं म्हणतात, आणि ते एकदाच व्हावं लागतं. त्यानंतर रोज होतं ते नुसतं जोडलं जाणं : जपलेली किल्ली दाखवून ओळख पटवणं. दोघांपैकी एकाकडची किल्ली पुसली गेली किंवा बिघडली, तर दुसऱ्याकडची निरुपयोगी ठरते. म्हणून ‘यादीतून काढा आणि पुन्हा जोडा’ हा सल्ला अगदी टाकाऊ नाही. बऱ्याच तक्रारी त्याने खरोखर सुटतात. दोन सुट्या इयरफोनच्या जोडीत आणखी एक गोष्ट असते. डावा आणि उजवा यांचंही आपसात नातं जुळलेलं असावं लागतं. ते तुटलं तर फोनला एकच कान दिसतो.

म्हणजे ‘पेअर होत नाहीत’ या एका तक्रारीत निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक, फोनच्या ब्लूटूथ यादीत इयरफोनचं नावच येत नाही. दोन, नाव येतं पण जोडणी नाकारली जाते. तीन, पेअर झाल्याचं दिसतं पण आवाज येत नाही किंवा जोडणी सारखी तुटते. चार, एक कान चालतो आणि दुसरा नाही. पहिल्या प्रकारात इयरफोन चालूच होत नसल्याची शंका येते, दुसऱ्यात किल्लीची, तिसऱ्यात बहुधा घरातल्या दुसऱ्या फोनने किंवा लॅपटॉपने इयरफोन आधीच धरून ठेवलेले असतात. यातलं काय घडतं आहे हे पत्रात नसेल, तर वाचणाऱ्याने सगळ्यात सोपं कारण धरलं याचा राग धरता येत नाही.

ताईंना मी इयरफोन घेऊन यायला सांगितलं आणि आम्ही शांतपणे तपासायला बसलो. आधी केस पूर्ण चार्ज केली. इयरफोनच्या खालचे आणि केसमधल्या खळग्यातले धातूचे बारीक ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसले. घाम आणि मळ तिथे साचला की इयरफोन चार्ज होत नाही, आणि तो केसमधून बाहेर काढल्याचंही त्याला कळत नाही. मग ताईंच्या फोनच्या यादीतून जुनं नाव काढलं, घरातल्या दुसऱ्या फोनचं आणि लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद ठेवलं, आणि सोबतच्या पत्रकात दिल्याप्रमाणे इयरफोन रीसेट केले. त्यानंतर एका वेळी एकच कान बाहेर काढून बघितला.

डावा लगेच यादीत आला आणि जोडला गेला. उजवा केसमध्ये असताना त्याचा दिवा लागत होता, पण बाहेर काढल्यावर काही क्षणांत तो विझायचा आणि यादीत त्याचं नाव यायचंच नाही. हाच प्रयोग माझ्या फोनवर केला. तिथेही तेच. एवढ्यावरून बरंच कळलं. दोन वेगळ्या फोनवर तेच घडतं, म्हणजे दोष फोनचा नाही. डावा दोन्हीकडे जोडला जातो, म्हणजे आमची पद्धत बरोबर आहे. केसमध्ये उजव्याचा दिवा लागतो, म्हणजे तिथपर्यंत वीज पोचते आहे. केसबाहेर तो विझतो, म्हणजे उजव्या कानाला स्वतःच्या बळावर चालू राहता येत नाही. इयरफोन ‘पेअर होत नाहीत’ हे खरं तर लक्षणाचं शेवटचं टोक होतं. उजवा कान जागाच राहत नव्हता, मग पेअर कुठून होणार?

यानंतर पत्र लिहिताना एक मोह होतो, आणि तो टाळायला मी आता प्रत्येकाला सांगतो. “उजव्या इयरफोनची बॅटरी गेली आहे” असं लिहावंसं वाटतं. लिहू नये. एक तर ते आपल्याला ठाऊक नसतं. बॅटरी असेल, चार्जिंगचा भाग असेल किंवा आतला बोर्ड असेल. ते उघडून बघणं सेवाकेंद्राचं काम आहे. दुसरं असं की काही वॉरंटी कार्डांवर बॅटरीची मुदत वेगळी आणि कमी लिहिलेली असते. आपण स्वतःच्या अंदाजाने ‘बॅटरी’ हा शब्द लिहिला, तर तपासणीच्या आधीच आपली तक्रार त्या कमी मुदतीच्या रकान्यात जाऊन बसते. जे दिसलं ते लिहावं, ज्या क्रमाने दिसलं त्या क्रमाने लिहावं आणि निदान त्यांच्याकडे सोडावं. यात लपवाछपवी नाही. उलट, आपल्याला माहीत आहे तेवढंच सांगणं हाच प्रामाणिकपणा आहे.

पत्र कुणाला लिहायचं याबद्दलही माझं म्हणणं बदललं. आम्ही आजवर ज्या ॲपवरून वस्तू घेतली त्यालाच पत्र पाठवायला सांगत होतो. प्रत्यक्षात इथे तीन पक्ष असतात. ॲप हा बाजार, बिलावर ज्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक असतो तो विक्रेता, आणि ज्याची वॉरंटी असते तो ब्रँड. ताईंच्या बिलावर भलत्याच एका व्यापारी फर्मचं नाव होतं, ते त्यांनी पूर्वी पाहिलंही नव्हतं. ब्रँडच्या तक्रार निवारणाचा पत्ता, फोन आणि ईमेल खोक्यावर छापलेला होता. वेष्टनावर हा तपशील देणं वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या नियमांनी बंधनकारक आहे, म्हणून वॉरंटी संपेपर्यंत खोका टाकू नये. एकालाच पत्र गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आता आम्ही पत्र विक्रेत्याच्या नावे लिहितो आणि त्याच ईमेलची प्रत बाजाराच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि ब्रँडला पाठवतो. तिघांनाही दिसतं की बाकीच्या दोघांना हे कळलेलं आहे.

ताईंचं दुसरं पत्र इंग्रजीत गेलं. त्याचा मराठी मजकूर असा :

“विषय : उजवा इयरफोन चालू राहत नाही व कोणत्याही फोनशी जोडला जात नाही. वॉरंटीत दुरुस्ती किंवा बदली मिळण्याबाबत.

मी आपल्याकडून घेतलेल्या इयरफोनचा ऑर्डर क्रमांक, बिल क्रमांक व दिनांक आणि वस्तूचा अनुक्रमांक खाली दिला आहे. किंमत 1,899 रुपये. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून एक वर्ष असून ती चालू आहे.

उजवा इयरफोन केसमध्ये असताना दिवा लागतो. बाहेर काढल्यावर तो काही क्षणांत विझतो. ब्लूटूथ यादीत त्याचं नाव येत नाही. डावा इयरफोन नीट चालतो.

आधीच्या तक्रारीच्या उत्तरात सुचवलेलं व इतरही सर्व करून पाहिलं आहे : केस पूर्ण चार्ज केली, चार्जिंगचे ठिपके पुसले, फोनमधील जुनी नोंद काढली, पत्रकाप्रमाणे रीसेट केलं. दोन वेगळ्या फोनवर तपासलं. दोन्हीकडे परिणाम तोच आला. याचं सलग चित्रण सोबत जोडलं आहे. वस्तूवर तडा, ओरखडा किंवा पाण्याची खूण नाही, त्याची छायाचित्रं जोडली आहेत.

माझी मागणी एकच आहे : वॉरंटीनुसार वस्तू दुरुस्त करून द्यावी किंवा बदलून द्यावी. वस्तू नेण्याची व्यवस्था कशी होईल ते कळवावं. आधीची तक्रार निराकरण न होता बंद केली गेली आहे, तिचा क्रमांक खाली दिला आहे.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार या तक्रारीची पोच 48 तासांत व निराकरण एक महिन्यात अपेक्षित आहे.”

या पत्रात रागाचा एकही शब्द नाही. कायदा एका वाक्यात आहे, आणि तेच वाक्य असं आहे की ते वाचून काय करायचं हे समोरच्याला कळतं. पैसे परत मागितलेले नाहीत, कारण वॉरंटी कार्डावर दुरुस्ती किंवा बदलीचं वचन होतं आणि परताव्याची मुदत कधीच उलटून गेली होती. मूळ वचनाबाहेरची मागणी पहिल्याच पत्रात केली, तर नकार द्यायला निमित्त मिळतं. त्यांनी वचन मोडलं, की मग ती मागणी करण्याचा आपला हक्क अधिक बळकट होतो.

सोबतच्या चित्रणाबद्दल थोडं सांगायला हवं. ते न तोडता घेतलेलं असावं. सुरुवातीला अनुक्रमांक दिसावा, मग केस उघडून दोन्ही दिवे, मग उजवा बाहेर काढून विझणारा दिवा, आणि त्याच वेळी फोनची ब्लूटूथ यादी. एक मिनिटही लागत नाही. छायाचित्रं वस्तू कुरिअरच्या हाती देण्यापूर्वीची असावीत. इयरफोन परत गेल्यावर ‘पाणी शिरलं होतं’ किंवा ‘आपटलेले होते’ असं उत्तर येऊ शकतं, आणि तेव्हा आपल्याकडे दाखवायला काहीतरी असावं लागतं.

तिसऱ्या दिवशी विक्रेत्याकडून वेगळ्या माणसाचं उत्तर आलं. त्यात रीसेट करा असं नव्हतं, कारण तसं म्हणायला जागाच उरली नव्हती. वस्तू नेली गेली, तपासणीत उजवा इयरफोन सदोष ठरला, आणि महिना पुरा व्हायच्या आत ताईंना दुसरी जोडी मिळाली. नव्या जोडीला मूळ वॉरंटीची उरलेली मुदत लागू आहे, असं त्यांच्या कार्डात होतं, तसंच झालं.

माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींना हा बदल पटलेला नाही. एक जण म्हणतात, “ग्राहकाने मेकॅनिक व्हायचं का? पैसे दिले, वस्तू बिघडली, एवढं पुरे व्हायला हवं.” या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते खोडून काढत नाही. तपासण्याची जबाबदारी विकणाऱ्याचीच आहे. आयोगात गेल्यावर गरज पडल्यास वस्तू प्रयोगशाळेत तपासण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण 1,899 रुपयांच्या वस्तूसाठी तिथवर जाण्याआधी एक पत्र असतं, आणि ते पत्र परिणामकारक करणं आपल्या हातात आहे. ज्यांना फोनमधलं हे सगळं जमत नाही अशा वडीलधाऱ्या माणसांसाठी आम्ही आता तपासणी बसून करून देतो. आमच्या कामाचा तो भाग झाला आहे. पूर्वी आम्ही कागद भरून देत होतो, आता आधी वस्तू बघतो.

कायद्यावरचा माझा विश्वास कमी झालेला नाही. मी फक्त त्याची जागा बदलली. पत्राला महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, मराठीतही बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मिळते. तिथेही उपयोगी पडतं ते हेच पत्र. कोणत्या तारखेला, वॉरंटी चालू असताना, कोणता बिघाड कळवला आणि काय मागितलं होतं, हे त्यावरून सिद्ध होतं. वर्ष संपत आलेलं असताना ही तारीख फार मोलाची ठरते, म्हणून बिघाड दिसल्यावर फोनवरच्या बोलण्यात आठवडे घालवू नयेत. लेखी तक्रार आधी नोंदवावी, तिचा क्रमांक घ्यावा.

आमचा छापील नमुना मी बदलला आहे. पहिला रकाना ‘कोणतं कलम’ असा होता, तिथे आता ‘वस्तू नेमकं काय करते, काय करत नाही’ असं आहे. तुमचे इयरफोन उद्या फोनशी जोडले जाईनासे झाले, तर माझी विनंती एवढीच : लिहायला बसण्याआधी एकेक कान वेगळा काढून दुसऱ्या फोनवर बघा, जे दिसेल त्याचं चित्रण करा, आणि पत्रात तेच लिहा.